ईसीजीची थरथरती बेसलाइन: एफआयआर घ्यावा की आयआयआर?

प्रश्न: सर, आम्ही पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. एका लीडचा ईसीजी सेकंदाला ५०० सॅम्पलने घेतो. श्वासामुळे रेष वर-खाली होते म्हणून ०.५ हर्ट्झचा दुसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ हाय-पास लावला. लॅपटॉपवर तो नीट चालतो, पण १६ बिटांच्या बोर्डवर काही सेकंदांत रेष एका टोकाला जाऊन अडकते. शिवाय लॅपटॉपवर सुद्धा धडधाकट मित्राचा एसटी खाली गेलेला दिसतो. गाइड म्हणतात एफआयआर घ्या, पण तो आमच्या ४ किलोबाइट रॅममध्ये मावत नाही. या दोन फिल्टरांत फेज, स्थिरता आणि गणिताचा खर्च यांचा नेमका फरक काय?

उत्तर:

तुमच्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. लॅपटॉपवरही एसटी खाली दिसतो, तो फेजचा परिणाम आहे. बोर्डवर रेष पळून जाते, तो स्थिरतेचा प्रश्न आहे. गाइडनी सुचवलेला उपाय या दोन्हींवर लागू पडतो, पण तो खर्चापाशी अडतो. त्यामुळे तुमचेच उदाहरण धरून तिन्ही गोष्टी पाहू.

दोन्ही फिल्टरांत मूळ फरक एकच आहे. एफआयआर प्रत्येक आउटपुट काढताना केवळ आत आलेले सॅम्पल पाहतो, तर आयआयआर स्वतःचे आधीचे आउटपुटही पुन्हा हिशेबात घेतो. तुमचा फिल्टर असा आहे:

```
y[n] = b0*x[n] + b1*x[n-1] + b2*x[n-2] - a1*y[n-1] - a2*y[n-2]

b0 = 0.995567   b1 = -1.991134   b2 = 0.995567
a1 = -1.991114  a2 = 0.991154
```

शेवटच्या दोन पदांमुळे अवघ्या पाच गुणाकारांत या फिल्टरला सुमारे दोन सेकंदांची स्मृती मिळते. फेज बिघडते तीही या दोन पदांमुळे, आणि रेष पळते तीही त्यांच्यामुळेच.

आधी फेज पाहू. तुम्ही मॅग्निट्यूडचा आलेख पाहून समाधान मानले असणार, कारण तो दिसायला अगदी निर्दोष असतो. मित्राच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ७२ धरले, तर सिग्नलची मूलभूत फ्रीक्वेन्सी १.२ हर्ट्झ येते. तुमचा फिल्टर या फ्रीक्वेन्सीची उंची जेमतेम दीड टक्का कमी करतो, पण तिची फेज सुमारे ३५ अंशांनी पुढे ढकलतो, म्हणजे तो घटक जवळपास ८२ मिलिसेकंद लवकर येतो. दुप्पट फ्रीक्वेन्सीचा, म्हणजे २.४ हर्ट्झचा घटक सुमारे २० मिलिसेकंद लवकर येतो आणि १० हर्ट्झचा जेमतेम एक मिलिसेकंद. ईसीजीचा आकार हे सगळे घटक एकमेकांशी नेमक्या वेळी जुळण्यावर अवलंबून असतो. घटकांची उंची तीच ठेवून त्यांच्या वेळा वेगवेगळ्या प्रमाणात सरकवल्या की आकार बदलणारच, आणि मंद भाग सर्वांत जास्त सरकत असल्यामुळे तो बदल एसटीसारख्या सपाट, मंद भागात आधी दिसतो.

हेच वेळेच्या अक्षावर पाहिले तर अधिक स्पष्ट होते, आणि मला स्वतःला ते तसेच पाहिल्यावर कळले. हाय-पास फिल्टरमध्ये एक टोकदार धन स्पंद घातला, की तो जवळजवळ जसाच्या तसा बाहेर येतो, पण त्याच्या मागे एक लांब, उथळ, ऋण शेपूट राहते. फिल्टरने शून्य फ्रीक्वेन्सी अडवली आहे, त्यामुळे आउटपुटचे एकूण क्षेत्रफळ शून्य व्हावे लागते आणि ते शेपूट स्पंदाच्या क्षेत्रफळाची भरपाई करते. दुसऱ्या ऑर्डरच्या बटरवर्थमध्ये ही शेपूट सुरू होताना तिची खोली स्पंदाचे क्षेत्रफळ गुणिले `sqrt(2)*2*pi*fc` इतकी असते. तुमच्या ०.५ हर्ट्झसाठी हा गुणक ४.४४ आहे.

आता आर लहर १ मिलिव्होल्ट उंच, पायथ्याशी ८० मिलिसेकंद रुंद आणि त्रिकोणी धरा, एस लहर नाममात्र आहे असे समजा. तिचे क्षेत्रफळ ०.०४ मिलिव्होल्ट-सेकंद. क्यूआरएस संपेपर्यंत शेपूट थोडी सावरते हे धरूनही एसटीच्या सुरुवातीला रेष सुमारे ०.१६ मिलिव्होल्ट खाली असते. ईसीजीच्या कागदावर १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर हे प्रमाण असते, म्हणजे ही घसरण दीड मिलिमीटरपेक्षा जास्त झाली. डॉक्टर १ मिलिमीटरच्या घसरणीकडेही गांभीर्याने पाहतात. तुमच्या मित्राचे हृदय ठणठणीत आहे. एसटी तुमच्या फिल्टरने पाडला आहे.

काही वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यासाठी मी अगदी हीच चूक केली होती. चाचणीसाठी यंत्र घेतलेल्या एका हृदयरोगतज्ज्ञांनी फोनवर मला एवढेच विचारले, की तुमच्या यंत्रावर सगळ्याच रुग्णांचा एसटी थोडा खाली कसा? मी दोन दिवस इलेक्ट्रोड, केबल आणि अॅम्प्लिफायर तपासत बसलो. मॅग्निट्यूडचा आलेख इतका स्वच्छ होता, की फिल्टरवर संशय घ्यायचे मला सुचलेच नाही.

आता गाइडचा एफआयआर घ्या. त्याचे गुणांक मध्याभोवती सममित असले, की सर्व फ्रीक्वेन्सींना सारखाच उशीर लागतो आणि कोणताही घटक दुसऱ्याच्या पुढे-मागे होत नाही. हा गुण सममितीचा आहे, निव्वळ एफआयआर असण्याचा नाही. असममित गुणांकांचा एफआयआर फेज खुशाल बिघडवतो. क्षेत्रफळाची भरपाई सममित फिल्टरलाही करावीच लागते, पण तो तिची अर्धी शेपूट स्पंदाच्या आधी आणि अर्धी नंतर ठेवतो. म्हणजे क्यूआरएसच्या आधीचा पीआर भाग आणि नंतरचा एसटी भाग दोन्ही सारखेच खाली जातात. डॉक्टर एसटीची उंची पीआरच्या पातळीपासून मोजतात, त्यामुळे त्या मोजमापात फरक जवळजवळ उरत नाही. लिनिअर फेजमुळे आकार टिकतो असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते, त्याचा या कामापुरता अर्थ हाच आहे.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या शिफारशीत याच कारणाने दोन वेगवेगळे आकडे दिसतात. निदानासाठीच्या ईसीजीत साध्या फिल्टरची खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झ ठेवायची असते, पण फेज न बिघडवणाऱ्या डिजिटल फिल्टरला ती ०.६७ हर्ट्झपर्यंत नेता येते. हा ०.६७ हर्ट्झ मिनिटाला ४० ठोक्यांशी जुळतो. ठोके त्याहून मंद नसतील तर त्याखाली ईसीजीचा घटक नसतो. म्हणजे तुमचा ०.५ हर्ट्झ आकडा म्हणून चुकीचा नाही. तो कोणत्या जातीच्या फिल्टरला लावला, यावर त्याची योग्यता ठरते.

आता पळणाऱ्या रेषेकडे येऊ. स्थिरतेविषयी तुम्ही परीक्षेत लिहिता, की आयआयआरचे पोल एकक वर्तुळाच्या आत असले पाहिजेत. तुमचे पोल आत आहेत, पण त्यांची त्रिज्या ०.९९५५७ आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते दोन्ही `z = 1` या बिंदूला अगदी चिकटून आहेत. दुसऱ्या ऑर्डरच्या फिल्टरसाठी त्या बाजूची स्थिरतेची अट अशी:

```
1 + a1 + a2 > 0
```

तुमच्या गुणांकांसाठी ही बेरीज ०.००००३९३ येते. आता १६ बिटांच्या मापाशी तिची तुलना करा. `a1` ची किंमत २ च्या जवळ असल्यामुळे १६ बिटांत दशांशासाठी १४ बिट उरतात आणि सर्वांत लहान पायरी `1/16384`, म्हणजे ०.००००६१ होते. ज्या बेरजेवर फिल्टरची स्थिरता उभी आहे, ती एका पायरीपेक्षाही लहान आहे. याउलट त्याच बोर्डवर, त्याच १६ बिटांत ४० हर्ट्झचा लो-पास बसवला तर ही बेरीज ३,००० पायऱ्यांपेक्षा मोठी येते. म्हणूनच एकाच कोडने एक फिल्टर नीट चालतो आणि दुसरा कोसळतो. कटऑफ सॅम्पलिंगच्या मानाने जितका खाली, तितके आयआयआरचे पोल कड्याच्या टोकाला जातात.

गुणांक पूर्णांकात कसे बदलले, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुतेक विद्यार्थी स्प्रेडशीटमध्ये १६३८४ ने गुणून `INT` लावतात. हे फंक्शन ऋण संख्येलाही खालच्या बाजूला ढकलते, म्हणजे −३२६२२.४ चे ते −३२६२३ करते. त्यानंतर तुमचे गुणांक असे होतात:

```
b0 = 16311   b1 = -32623   b2 = 16311
a1 = -32623  a2 = 16239
```

आता कागदावर बेरीज करून पाहा. १६३८४ वजा ३२६२३ अधिक १६२३९ म्हणजे बरोबर शून्य. एक पोल थेट `z = 1` वर, म्हणजे वर्तुळाच्या कडेवर जाऊन बसला. असा पोल म्हणजे कधीही न विसरणारे बेरीजयंत्र. हाय-पासचे दोन झीरो नेमके त्याच जागी असते तर त्यांनी त्याला निदान कागदावर तरी झाकले असते, पण `b` गुणांकांची बेरीज शून्याऐवजी उणे एक येते आहे, म्हणजे झीरोही जागेवरून हलले. परिणाम असा, की आत स्थिर व्होल्टेज असले तर आउटपुट प्रत्येक सॅम्पलला त्या व्होल्टेजच्या १/१४५ इतके घसरत राहते. इलेक्ट्रोडचा ऑफसेट १,४५० काउंट धरा. मग रेष प्रत्येक सॅम्पलला १० काउंट खाली जाते आणि १६ बिटांच्या तळाला पोचायला तिला सहा-सात सेकंद लागतात. तुमचे "काही सेकंद" बहुधा हेच असावेत. ऑफसेटची दिशा उलटी केली आणि रेष वरच्या टोकाला पळाली, तर निदान पक्के समजा.

एक गंमत अशी, की कोडमध्ये `a` गुणांकांची चिन्हे उलटी धरून त्यांची वजाबाकीऐवजी बेरीज केली असती, तर त्याच `INT` ने पोल आत ठेवले असते आणि तुम्हाला हा दोष निदान पळणाऱ्या रेषेच्या रूपात दिसलाच नसता. स्थिरता अशी नशिबावर टिकलेली असेल, तर ती नाही असेच धरावे.

गुणांक कापण्याऐवजी जवळच्या पूर्णांकावर नेले तर सुटका होते का? अर्धीच. मग `a1` −३२६२२ होतो, बेरीज एक पायरी उरते आणि फिल्टर स्थिर राहतो, पण पोलांची नैसर्गिक फ्रीक्वेन्सी ०.५ वरून सुमारे ०.६२ हर्ट्झवर सरकते. शिवाय `b1` मात्र −३२६२३ च राहतो, त्यामुळे अंश उणे एक आणि छेद अधिक एक, म्हणजे शून्य फ्रीक्वेन्सीवरील गेन उणे एक. ज्या डीसीला अडवण्यासाठी हा फिल्टर बसवला, तो पूर्ण आकाराने, फक्त उलटा होऊन बाहेर येतो. म्हणून हाय-पासमध्ये `b1` स्वतंत्रपणे पूर्णांकात नेऊ नये. `b0` ठरवावा आणि `b1` त्याच्या उणे दुप्पट घ्यावा.

गुणांक सुधारल्यावरही एक सापळा उरतो, तो आउटपुटच्या साठवणुकीचा. गुणाकारांची बेरीज तुम्ही `>> 14` करून १६ बिटांच्या `y` मध्ये ठेवत असाल, तर प्रत्येक वेळी सरासरी अर्धा काउंट कापला जातो. ही चूक पुनरावर्ती भागातून फिरत राहते आणि त्या भागाचा शून्य फ्रीक्वेन्सीवरील गेन असतो `1/(1+a1+a2)`, म्हणजे गुणांक अगदी अचूक असले तरी २५,००० पेक्षा जास्त. अर्ध्या काउंटची चूक अशा रीतीने साडेबारा हजार काउंटांचा खोटा ऑफसेट उभा करते. लॅपटॉपवर सगळे दुहेरी अचूकतेच्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये चालते, म्हणून तिथे यातले काहीच दिसत नाही. उपाय सरळ आहे: गुणांक ३२ बिटांत घ्या, म्हणजे दशांशाला ३० बिट मिळतील आणि ती नाजूक बेरीज ४२,००० पायऱ्यांची होईल, आणि मागील `y` च्या किमती त्यांच्या अपूर्णांकासह ३२ बिटांत ठेवा.

एफआयआरमध्ये यातला कोणताही प्रसंग येत नाही. आउटपुट परत आत जात नसल्यामुळे एखादी चूक झाली तरी ती टॅपच्या रांगेतून पुढे सरकते आणि दुसऱ्या टोकाने कायमची बाहेर पडते. गुणांक कितीही ओबडधोबड केले तरी तो पळून जात नाही. पण तो अगदी निर्दोषही नाही. ज्या लांबलचक हाय-पासचा हिशेब पुढे येणार आहे, त्याचा मधला गुणांक १ च्या जवळ असतो आणि बाकीचे हजारो गुणांक ०.००१८ पेक्षा लहान असतात. १६ बिटांत ते सगळे एकाच दिशेने कापले तर प्रत्येकी सरासरी अर्धी पायरी जाते आणि हजारो टॅपची मिळून डीसी गळती सहा टक्क्यांवर जाऊ शकते. जवळच्या पूर्णांकावर नेले आणि उरलेली बेरीज मधल्या गुणांकात वळती करून एकूण शून्यावर आणली, की हा दोष जातो.

आता खर्च. श्वास मिनिटाला १५ धरला तर तो ०.२५ हर्ट्झवर येतो, आणि ईसीजी साधारण ०.६५ हर्ट्झपासून वर हवा. मधली संक्रमणपट्टी ०.४ हर्ट्झची झाली. हॅमिंग खिडकीने काढलेल्या एफआयआरसाठी टॅपची संख्या `3.3*fs/df` या ढोबळ सूत्राने मिळते: ३.३ गुणिले ५०० भागिले ०.४, म्हणजे ४,१२५. संख्या विषम आली हे बरेच झाले, कारण सम संख्येच्या सममित एफआयआरचा गेन सर्वांत वरच्या फ्रीक्वेन्सीला शून्य होतो आणि तो हाय-पाससाठी चालत नाही.

एका लीडला सेकंदाला ४,१२५ गुणिले ५००, म्हणजे सुमारे २०.६ लाख गुणाकार लागतात. सममितीचा फायदा घेऊन आधी जोड्यांची बेरीज केली तर त्याच्या निम्मे. तुमच्या आयआयआरला सेकंदाला २,५०० पुरतात. एवढे गुणाकार करणारा प्रोसेसर तापकीर गल्लीत सहज मिळेल, त्यामुळे गुणाकारांवर मी फार अडून बसणार नाही. तुमची खरी अडचण रॅमची आहे. मागचे ४,१२५ सॅम्पल प्रत्येकी दोन बाइटप्रमाणे ठेवायला ८,२५० बाइट लागतात आणि तुमच्याकडे जेमतेम चार किलोबाइट आहे.

पण सर्वांत मोठी किंमत वेगळीच आहे आणि ती कोणत्याही बोर्डवर चुकत नाही: उशीर. सममित एफआयआरचा उशीर टॅपच्या निम्मा असतो, इथे २,०६२ सॅम्पल, म्हणजे ४.१ सेकंद. रुग्णाच्या छातीत पडलेला ठोका पडद्यावर चार सेकंदांनी दिसेल.

यावर हुशार विद्यार्थी विचारतो, की मग सॅम्पलिंग कमी का करू नये? विचार चांगला आहे. सिग्नल ५० पट कमी करून सेकंदाला १० सॅम्पलवर आणायचा, तिथे ८३ टॅपच्या लो-पासने बेसलाइनचा अंदाज काढायचा, तो पुन्हा ५०० वर नेऊन मूळ सिग्नलमधून वजा करायचा. मुख्य फिल्टरचे गुणाकार सेकंदाला ८३० वर येतात. खाली-वर नेणारे फिल्टर धरूनही एकूण खर्च अगदी आटोक्यात राहतो. परंतु उशीर तसूभरही कमी होत नाही. सूत्रातून `fs` काढून टाकला तर उशीर जवळपास `1.65/df` सेकंद उरतो; तो फक्त संक्रमणपट्टीच्या रुंदीवर ठरतो. शिवाय वजाबाकीसाठी मूळ सिग्नलही तेवढाच थांबवून ठेवावा लागतो, म्हणजे २,००० हून अधिक सॅम्पल, म्हणजे पुन्हा चार किलोबाइट. गणित स्वस्त झाले तरी तुमची रॅम तशीच भरली. ०.२५ आणि ०.६५ हर्ट्झ वेगळे ओळखायचे आणि आकारही राखायचा, तर काही सेकंद पाहावेच लागते. आयआयआर ही वाट पाहत नाही, आणि त्याची किंमत फेजमध्ये वसूल होते.

त्यामुळे तुमच्या प्रकल्पात मी एकच फिल्टर निवडण्याच्या फंदात पडणार नाही. पडद्यावर धावणारी रेष आणि नोंद करून दिलेला अहवाल या दोन वेगळ्या गरजा आहेत. रुग्णालयातील मॉनिटरमध्येही निरीक्षणासाठी ०.५ हर्ट्झचा आणि निदानासाठी ०.०५ हर्ट्झचा असे वेगळे मोड असतात, ते याचमुळे.

धावत्या रेषेसाठी आयआयआर ठेवा, पण दुसऱ्या ऑर्डरचा नव्हे. पहिल्या ऑर्डरचा, गुणाकार नसलेला, ३२ बिटांचा हा प्रकार बोर्डवर कधी पळत नाही:

```c
acc += x - (acc >> 8);
y = x - (int16_t)(acc >> 8);
```

याचा पोल `1 - 1/256` वर असतो आणि कटऑफ सुमारे ०.३१ हर्ट्झ येतो. यात पूर्णांकात नेण्यासारखा गुणांकच नाही, त्यामुळे पोल कड्यावर सरकण्याचा धोका संपतो, आणि कापाकापीची चूक एका काउंटच्या आत राहते. फेजचा दोष मात्र यातही आहे: मघाच्याच त्रिकोणी आर लहरीला हा सुमारे ०.०७ मिलिव्होल्टची घसरण देतो. श्वासाचे डुलणेही तो पूर्ण घालवणार नाही. म्हणून या रेषेवरून एसटी मोजू नका आणि पडद्यावर तसे स्पष्ट लिहा.

अहवालासाठी कच्चा, फिल्टर न केलेला सिग्नल लॅपटॉपवर पाठवा. तिथे संपूर्ण नोंद हाती असल्यामुळे एक वेगळी युक्ती चालते: तोच स्वस्त आयआयआर आधी पुढून मागे आणि मग मागून पुढे चालवायचा. पहिल्या फेरीत घटक जेवढे पुढे सरकतात, तेवढेच दुसऱ्या फेरीत मागे येतात आणि फेजचा दोष शून्य होतो.

```python
from scipy.signal import butter, sosfiltfilt
sos = butter(2, 0.4, btype='highpass', fs=500, output='sos')
y = sosfiltfilt(sos, x, padlen=1500)
```

इथे ०.५ ऐवजी ०.४ लिहिले आहे, कारण दोन फेऱ्यांत मॅग्निट्यूडचा वर्ग होतो आणि ०.४ च्या फिल्टरचा एकत्रित तीन डेसिबलचा बिंदू ०.५ वर येतो. `padlen` कडेही दुर्लक्ष करू नका. काहीच दिले नाही तर या फिल्टरसाठी ते ९ सॅम्पल धरले जाते, म्हणजे १८ मिलिसेकंद, आणि या फिल्टरला सावरायला दोन-अडीच सेकंद लागतात. मग नोंदीच्या दोन्ही टोकांना रेष वाकलेली दिसते आणि पहिल्या-शेवटच्या ठोक्यांचा एसटी पुन्हा खोटा ठरतो. मी १० सेकंदांच्या अहवालासाठी १५ सेकंद नोंदवतो आणि दोन्ही बाजूंचे अडीच सेकंद टाकून देतो.

शेवटी तपासणी. ईसीजीच्या मानकांत एक साधी चाचणी आहे: ३ मिलिव्होल्टचा, १०० मिलिसेकंदांचा चौकोनी स्पंद द्यायचा आणि तो संपल्यावर रेष मूळ पातळीपासून ०.१ मिलिव्होल्टपेक्षा जास्त हललेली नसावी. पहिल्या ऑर्डरचा ०.०५ हर्ट्झचा फिल्टर यात सुमारे ०.०९३ मिलिव्होल्ट घसरण देतो आणि जेमतेम पास होतो, ०.०५ हा आकडा एवढा खाली का ठेवावा लागतो, ते यावरून कळेल. तुमचा आत्ताचा ०.५ हर्ट्झचा बटरवर्थ इथे एक मिलिव्होल्टपेक्षा जास्त खाली जाईल. वरची पुढे-मागे चालवण्याची पद्धत वापरली तर मात्र स्पंदाच्या दोन्ही बाजूंची रेष मोजा आणि आधीच्या व नंतरच्या पातळीतला फरक पाहा.

हा स्पंद संगणकात तयार करून अॅरेमध्ये घालू नका, तो बोर्डच्या इनपुटला द्या. त्यानंतर इनपुटला काही मिलिव्होल्टचा स्थिर ऑफसेट देऊन बोर्ड तासभर तसाच चालू ठेवा आणि दर मिनिटाला `y` ची किंमत नोंदवा. किमती एका-दोन काउंटांच्या आत राहिल्या तर स्थिरतेचा प्रश्न मिटला. त्या एकाच दिशेने सरकत असतील, तर कुठल्या तरी ओळीत अजून `>>` काहीतरी कापत आहे.